मदत हवी आहे: दिवाळीच्या रंगकामाच्या मेसेजमध्ये ओलीचं कसं लिहू?

आम्ही चौघं यवतमाळकडच्या खेड्यांत घराची साफसफाई आणि रंगकाम करतो. दिवाळीआधीच्या बुकिंगसाठी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकायचा आहे. दोन खोल्यांना चार दिवस धरलेत: जाळी-धूळ काढून जुना चुना खरवडणं, भेगांत पुट्टी, ती वाळली की प्रायमर, मग डिस्टेंपरचे दोन हात. रंगाचा खर्च वेगळा, सामान घरच्यांनी हलवायचं, हेही लिहिलंय.

अडचण ओलीची आहे. पावसाळ्यानंतर खालची दोन-अडीच फूट भिंत ओली राहते, पांढरा खार फुटतो. मागच्या वर्षी एका घरी तशीच रंगवली. संक्रांतीपर्यंत पोपडे निघाले आणि बोलणी आम्ही खाल्ली. आता आदल्या रात्री भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून प्लॅस्टिक चिकटवतो. सकाळी आतून पाणी दिसलं, तर तेवढा पट्टा सोडतो. मेसेजमध्ये "ओलीची गॅरंटी नाही" लिहून पाहिलं, तर एक काकाजी म्हणाले, "मग तुमाले बोलवाचं कायले?"

सोयाबीन विकल्याशिवाय कोणी तारीख पक्की करत नाही, त्यामुळे सगळी घरं शेवटच्या आठवड्यात येतात. भिंत वाळायला थांबणं तेव्हा जमत नाही.

खालचा पट्टा दिवाळीनंतर रंगवून देऊ, हे गिऱ्हाईक न बिचकता कसं लिहावं? आणि भिंत बघायच्या आधी तारीख द्यावी का?