काल्पनिक मुलखाचे सण आणि म्हणी : आधी कारण की आधी रीत?

काठावरचा : नदीकाठच्या एका काल्पनिक मुलखाची कादंबरी लिहितोय. चौदा सण आणि चाळीसेक म्हणी वहीत तयार आहेत. बहिणीने वाचलं आणि म्हणाली, "माहितीपत्रक वाटतंय." नमुना देतो. सण : 'पुनर्जलोत्सव', पूर ओसरल्यावर नदीची पूजा, दिवे सोडणे, सामुदायिक भोजन. म्हण : 'जो नदीचा आदर करतो, त्याला नदी तारते.' हे जगलेलं का वाटत नाही? मी कोल्हापूरचाच, इथले दाखले दिलेत तर लवकर कळेल.

शिवारातला : तुझ्या सणाला कारण नाही, एवढंच. सण म्हणजे शेतीचं वेळापत्रक. बेंदूर बघ. विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावण अमावस्येला, आपल्याकडे महाराष्ट्रीय बेंदूर आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, आणि सीमेकडच्या गावांत कर्नाटकी बेंदूर त्याच्याही महिनाभर आधी, ज्येष्ठी पौर्णिमेला. जसा पाऊस, जशी पेरणी, तसा बैलाला विसावा. आधी मुलखाचं पीक, पाऊस, जनावर पक्कं कर, सण आपोआप येतील.

घाटपायरी : शिवारातला, पहिलं निम्मं पटलं, 'आपोआप' नाही पटलं. सार्वजनिक गणपती 1893 साली टिळकांनी पुढे आणला तो लोकांनी एकत्र यावं म्हणून, पेरणीसाठी नव्हे. आणि ज्या घरात तीन पिढ्यांत बैल नाही, तिथेही बेंदराला मातीचे बैल येतात. कारण जातं, रीत राहते. म्हणून कारणापेक्षा कुणी काय करायचं, हे आधी ठरवावं.

आषाढात नदीला नवं पाणी आलं की आपण ते कलशातून टेंबलाई देवीला नेतो. सगळं शहर एका दिवशी जात नाही. मंगळवार-शुक्रवार बघून एकेक गल्ली आपला दिवस धरते, पुढे पी-ढबाक वाजत असतं. घरात कुणी 'त्र्यंबोली यात्रा साजरी करू' म्हणत नाही. 'आमच्या गल्लीचं पाणी शुक्रवारी हाय' म्हणतात. एवढ्या एका वाक्यात वार आला, मान आला आणि शेजारच्या गल्लीशी असलेली चुरसही आली. तुझ्या 'पुनर्जलोत्सवा'त यातलं काहीच नाही. ते नाव तर कुणाच्या तोंडी बसणारही नाही.

तुझाच सण घेऊ. पूर ओसरला हे ठरवायचं कशावरून? पावसाळ्यात आपल्याकडे शाळकरी पोरगंही सांगतं, राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका. तुझ्या लोकांकडे फूट नाहीत, घाटाच्या पायऱ्या आहेत. वरून सातवी पायरी उघडी पडली की सण. म्हणजे तारीख पंचांगात नाही, नदीत आहे. पायरी दिसल्याची हाक द्यायचा मान नावाड्याच्या घराचा, कारण पुरात त्याच घराने सगळ्यांना पलीकडे नेलेलं. पुरानंतर ताजं काही नसतं, कणगीच्या तळाचं ओलसर धान्य भाजूनच खावं लागतं, म्हणून त्या दिवशी भाजकं. पुढे सुकाळ आला तरी भाजकंच. दात पडलेल्या म्हातारीसाठी ते भिजत घालायचं काम धाकट्या सुनेचं, आणि ती दरवर्षी विसरते.

आता त्यात एक गोंधळ घाल. घाटाच्या दुरुस्तीत वर एक नवी पायरी बसली, त्यामुळे जुनी सातवी आता आठवी झाली. घाटावरची घरं अजून तिलाच सातवी म्हणतात. बाजारातली घरं मोजून सातवी धरतात, म्हणून त्यांचा सण दोन दिवस आधी. शिवजयंती 19 फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, यावर आपल्याकडे किती वाद होतात ते आठव. ज्या सणाच्या तारखेवर भांडण आहे, तो सण लोकांचा आहे.

घाटपायरी : म्हणीचं राहिलं. तुझी म्हण उपदेश करते. आपल्या म्हणी कुणाला तरी टोचायला जन्मल्यात. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' हे नळाचं पाणी पिणारा माणूसही म्हणतो, पोहरा न बघता. तुझ्या सणातून निघेल ती अशी : 'पायरी दिसली, होडी विसरली.' गरज सरल्यावर ओळख न देणाऱ्याला. दोन तुकडे, शेवट सारखा, एक शब्द जास्तीचा नाही. आणि ती पुरती म्हणायला लावू नकोस. आपण 'नाचता येईना' म्हणून थांबतो, अंगण ऐकणाऱ्याने वाकडं करायचं. तशी तुझी सासू जावयाला नुसतं म्हणेल, "पायरी दिसली वाटतं." ते वाक्य काढून बघ. प्रसंग तेवढाच झोंबत राहिला, तर म्हण नुसती शोभेला होती.

आजोळ_कागल : आहेत ते सण बुडत चाललेत आणि तुम्ही नवे काढायला बसलात? आमच्या आजोळी बेंदराला मातीच्या बैलांत एकाचं शिंग हमखास मोडायचं. मामी ओल्या कणकेनं चिकटवायची आणि तो बैल भिंतीकडे तोंड करून मांडायची. तो थोरल्या मामाचा बैल, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मामा गेल्यावर कुणी बैलच आणले नाहीत. असलं आधी लिहून ठेवा.

काठावरचा : ताई, आपल्यात नवा सण काढत नाहीये हो, कादंबरीतल्या लोकांसाठी चाललंय. पण तुमच्या मामीची कणीक वाचून माझ्या चौदा सणांत काय नाही ते कळलं. मोडलेल्या वस्तूचं काय करायचं, हे मी एकदाही लिहिलेलं नाही.

लेखणीवाली : मला घाटपायरींचं सगळं मान्य नाही. पायरी, होडी, भाजकं, सून, सगळं पुराला येऊन चिकटतं. इतकं जुळलेलं की लेखकाचा हात दिसतो. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि तुकड्यासाठी झुंबड उडते. त्यामागे राक्षसवधाची कथा आहे, पण झुंबडीत घुसणाऱ्याच्या डोक्यात त्या घडीला कथा नसते, तुकडा असतो. काठावरचा, दोन रीती विनाकारण ठेव. समज, पायरीच्या दिवशी कुणी शीळ घालायची नाही. आजी म्हणेल नदी मागे वळते, नावाडी म्हणेल ती फक्त आमची खूण. खरं कारण तुलाही माहीत नको.

शिवारातला : कारण नसलेली रीत टिकतच नाही. आपल्याला सापडत नाही, एवढंच.

घाटपायरी : लेखणीवाली, जुळलेलं जास्त झालं हे कबूल. भाजक्याचं कारण पुस्तकात कुठेच सांगू नये. पण लेखकाला स्वतःला माहीत नको, हे चालणार नाही. शंभर पानांनी त्याच्याच हातून कुणीतरी शीळ घालेल आणि त्याला कळणारही नाही.

लेखणीवाली : नियम लक्षात ठेवायला कारण लागत नाही. मला 'शनिवारी नखं कापू नको' का, ते आजही माहीत नाही, आणि आजवर कापली नाहीत.

काठावरचा : रात्री बसून एक तुकडा लिहिला. 'पुनर्जलोत्सव' हे नाव गेलं, आता नुसतं 'पायरी'.

"बाजारात काल पायरी झाली. घाटावर भाजायला घेतलेली घमेली तशीच झाकून ठेवली होती. पोरांनी शीळ घातली तशी आजीने पाटावरूनच लाटणं फेकलं. पाणी आठव्या पायरीवर होतं. ती अजून कुणी मोजत नव्हतं."

अडलोय ते पुढे. नावाडी या पुरात गेला. घरात फक्त त्याची बायको, तीही बाजारातली लेक. हाक कुणी द्यायची?

घाटपायरी : तिनेच. मान घराचा आहे, माणसाचा नाही.

लेखणीवाली : देईल, पण कधी? तिच्या माहेरी पायरी कालच झाली.