अनुभव धागा: वायफायचा पासवर्ड बदलल्यावर घरातलं काय काय परत जोडलंच गेलं नाही?

उंबरठा

गेल्या आठवड्यात राउटरचा वायफाय पासवर्ड बदलला. जुना बरीच वर्षं तोच होता आणि येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना देऊन झाला होता. नेटवर्कचं नाव तेच ठेवलं, फक्त पासवर्ड नवा. वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या फोनने लगेच नवीन पासवर्ड मागितला, टाकला, चालू. लॅपटॉपने मागितलाच नाही, नुसता "Can't connect to this network" दाखवत बसला, त्याला Forget करून नव्याने जोडावं लागलं. टीव्हीचंही तेच. इथपर्यंत ठीक होतं.

खरा घोळ आईच्या फोनचा, तीन दिवस चालला. हॉलमध्ये नेट व्यवस्थित, आणि आतल्या खोलीत गेली की बंद. सिग्नलच्या कांड्या मात्र पूर्ण. आई म्हणे फोनच बिघडलाय. मी तिच्या पलंगावर बसून नेटवर्क Forget केलं, नवीन पासवर्ड टाकला, तर चुकीचा म्हणे. चार वेळा टाकला, डोळ्याचं चिन्ह दाबून एकेक अक्षर बघत टाकला, तरी चुकीचाच. शेवटी वैतागून जुना पासवर्ड टाकून बघितला आणि फोन जोडला गेला! पण इंटरनेट नाही, नावाखाली बारीक अक्षरात "No internet".

तेव्हा लक्षात आलं की कपाटामागच्या सॉकेटला मागे कधीतरी एक एक्स्टेंडर लावलेला आहे. लावताना त्याने राउटरचं नाव आणि पासवर्ड दोन्ही जसेच्या तसे उचलले होते. म्हणजे फोनला तो जुन्या पासवर्डने आत घेत होता, आणि स्वतः राउटरकडे जुनाच पासवर्ड घेऊन जात होता, तिथे राउटर त्याला दारात उभा करत नव्हता. दोघांचं नाव एकच, त्यामुळे फोनला वाटायचं हे सगळं एकच नेटवर्क आहे.

मग लॅपटॉप एक्स्टेंडरशेजारी नेला, जुन्या पासवर्डने त्याला जोडला, त्याचं सेटिंगचं पान उघडलं, आधी राउटरकडच्या बाजूचा पासवर्ड नवा केला आणि मग त्याचा स्वतःचाही नवा केला. बंद करून चालू केला, दोनेक मिनिटांनी लाल दिवा हिरवा झाला. आईचा फोन तेव्हापासून दोन्हीकडे चालतोय.

तुमच्याकडे काय अडकलं आणि कसं सुटलं ते लिहा, मला अजून प्रिंटर जोडायचा बाकी आहे.

रातराणी

प्रिंटरचंच सांगते कारण माझा अख्खा रविवार त्यात गेला. कॉम्प्युटरवर "Offline" दिसत होतं म्हणून मी ड्रायव्हर काढला, परत टाकला, असं तीनदा केलं. पासवर्ड बदलून तेव्हा दोन आठवडे झालेले, मध्ये काही छापलंच नव्हतं, त्यामुळे दोन्हीचा संबंध डोक्यातच आला नाही. प्रिंटरला स्क्रीन नाही, नुसता वायफायचा निळा दिवा, तो स्थिर असायचा तो आता लुकलुकत होता एवढाच काय तो पुरावा. शेवटी प्रिंटरवरचं वायफायचं बटण दिवा वेगळा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं आणि दोन मिनिटांच्या आत राउटरवरचं WPS बटण दाबलं, दिवा स्थिर झाला. उंबरठा, तुमच्या राउटरवर WPS चालू आहे का ते आधी बघा, आणि सुरक्षा फक्त WPA3 ठेवली असेल तर हे बटण चालणार नाही.

जुनाखांब

मी तर एवढं काहीच करत नाही. राउटरला परत जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्यायचा, सगळं आपोआप जोडलं जातं. नवीन राउटर आणला तेव्हाही हेच केलं, एकाही वस्तूला हात लावावा लागला नाही.

तारायंत्र

जुनाखांब, नवीन राउटर आणल्यावर तुमची युक्ती बरोबर आहे. पण पासवर्ड सगळ्यांना माहीत झाला म्हणून बदलला असेल तर जुनाच परत ठेवून काय उपयोग, ज्या कारणासाठी बदलला ते तसंच राहिलं ना.

आणि तरी करायचीच असेल तर नाव अक्षर न् अक्षर तेच हवं, लहानमोठी अक्षरंसुद्धा. एकाकडे असंच अडकलेलं बघितलंय, पहिलं अक्षर आधी लहान होतं ते नव्या राउटरवर मोठं टाकलं आणि मग अर्धा दिवस पासवर्ड तपासत बसले. एकतर वस्तू ते नाव ओळखतच नाही. दुसरं म्हणजे WPA2 मध्ये खरी किल्ली पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव दोन्ही एकत्र घुसळून तयार होते, 4096 वेळा घुसळतात, त्यामुळे नाव बदललं की पासवर्ड तोच असला तरी किल्ली वेगळी.

वस्तू "पासवर्ड चुकला" असं का सांगत नाहीत याचं कारणही यातच आहे. पासवर्ड हवेतून जातच नाही. फोन आणि राउटर आपापल्याकडे किल्ली तयार करतात आणि चार निरोपांत ती जुळते का बघतात. दुसऱ्या निरोपावरची खूण राउटरच्या हिशोबाशी जुळली नाही की राउटर तो निरोप सोडून देतो, चुकला असं उत्तर देत नाही, थोडा वेळ वाट बघतो आणि कनेक्शन तोडतो. सिग्नल कच्चा असला तर वस्तूला अगदी हेच दिसतं. म्हणजे पासवर्ड चुकलाय की सिग्नल गेलाय हे तिला अंदाजाने ठरवावं लागतं. फोनवाले अंदाज बांधून पासवर्डची चौकट पुढे करतात. प्रिंटर, बल्ब, कॅमेरा यांना चौकट दाखवायला जागाच नाही, ते गप जुनी किल्ली घेऊन परत परत ठोठावत राहतात.

सायंकाळ

बल्बचं अगदी असंच झालं आमच्याकडे. तीन बल्ब आणि एक प्लग, ॲपमध्ये सगळे राखाडी. मी सरळ ॲपमधून डिलीट केले आणि नव्याने घातले, आणि मग कळलं की पहाटे लागायचे, रात्री मंद व्हायचे, ती सगळी वेळापत्रकं पण गेली. माझ्या बहिणीने तिच्याकडे डिलीट न करता नुसता बल्ब पाच वेळा बंदचालू केला, तो भराभर लुकलुकायला लागला, मग ॲपमधून परत जोडला, तर नाव आणि वेळापत्रक दोन्ही जागेवर राहिलं. प्रत्येक कंपनीचं असंच असतं का माहीत नाही पण आधी डिलीट न करता बघा एवढं नक्की सांगेन. आणि हे बल्ब फक्त 2.4 GHz वर चालतात, फोन तेव्हा 5 GHz वर होता म्हणून पहिले दोन प्रयत्न फुकट गेले. फोन लांबच्या खोलीत नेऊन जोडला तेव्हा जमलं.

वाटसरू७

मला उलटाच अनुभव. मी काल राउटरचा पासवर्ड बदलला, 192.168.1.1 उघडून, आणि काहीच तुटलं नाही, सगळे फोन चालू, टीव्ही चालू. तुमच्या सगळ्यांचे राउटर जुने आहेत का?

रातराणी

वाटसरू, तुम्ही बहुतेक त्या पानावर आत शिरायचा पासवर्ड बदललात. वायफायचा वेगळा असतो, Wireless च्या भागात. तो बदलला असता तर सगळे एकदम बाहेर पडले असते.

वाटसरू७

बघितलं, बरोबर आहे, वायफायचा अजून जुनाच आहे. म्हणजे आता माझी पाळी.

कोपरा

विंडोजवाल्यांसाठी. ऑफिसच्या लॅपटॉपवर माझ्या घरच्या नेटवर्कची दोन प्रोफाइल होती, शेवटी एक मोकळी जागा असलेलं एक आणि नसलेलं एक, सेटिंगच्या यादीत दोन्ही सारखीच दिसायची आणि मी भलतंच Forget करत होते. कमांडने नेमकं हवं तेच काढता आलं:

```
netsh wlan show profiles
netsh wlan delete profile name="ghar"
```

नाव अवतरणचिन्हांत, यादीत आहे तसंच, शेवटची मोकळी जागा असेल तर तीही धरून. ऑफिसने टाकलेली प्रोफाइल असतील तर ती अशी निघतीलच असं नाही.

अजून एक, ॲपलच्या वस्तू वापरणाऱ्यांनी सांभाळा. कीचेन चालू असेल तर फोनवर Forget केलेलं नेटवर्क त्याच खात्याच्या लॅपटॉप आणि टॅबवरूनही जातं. मी फोनवर Forget केलं आणि तिकडे नवऱ्याची मीटिंग तुटली, कारण टॅब माझ्याच खात्यावर. पण फायदाही तोच, फोनवर नवीन पासवर्ड टाकला की थोड्या वेळात बाकीच्यांवर आपोआप पोचतो.

जुनाखांब

तारायंत्र, समजलं. मग असं केलं तर? मुख्य नेटवर्कला नवीन पासवर्ड, आणि गेस्ट नेटवर्कला जुनं नाव आणि जुना पासवर्ड, म्हणजे बल्ब आणि कॅमेरे तिथे जातील आणि सावकाश एकेक हलवता येतील.

तारायंत्र

चालतं, मीही केलंय. फक्त मुख्य नेटवर्कचं नाव तेव्हा वेगळं ठेवावं लागेल, नाहीतर उंबरठा यांच्या आईच्या फोनसारखंच होईल, एका नावाचे दोन पासवर्ड. आणि गेस्टवरच्या वस्तू मुख्य नेटवर्कवरच्या फोनला दिसत नाहीत बऱ्याच राउटरमध्ये, त्यामुळे प्रिंटर तिथे ठेवून उपयोग नाही. जुना पासवर्ड अजून लोकांकडे आहेच, तेव्हा सगळ्या वस्तू हलवून झाल्या की गेस्ट बंद करा.

पाऊलवाट

माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण इथेच विचारतो. बाबांचा जुना टॅब आहे, तो वायफाय स्वतःहूनच विसरतो. पासवर्ड आम्ही बदललेला नाही. टाकला की जोडला जातो, दिवसभर चालतो, पण बंद करून चालू केला की Saved च्या यादीत नावच नाही, परत पासवर्ड मागतो. बाबांना बारीक अक्षरं टाकता येत नाहीत, मी बाहेर असलो की त्यांचा टॅब पडून राहतो. नेटवर्क सेटिंग रिसेट करून झालं.

सायंकाळ

टॅबची साठवण पूर्ण भरली आहे का बघा, आमच्याकडे भरलेल्या फोनवर सेटिंग टिकत नव्हती.

पाऊलवाट

बघितलं ताई, निम्म्याहून जास्त मोकळी आहे.

तारायंत्र

एक करून बघा, वायफाय जोडून झाल्यावर लगेच बंद न करता दुसरी एखादी सेटिंग बदला, समजा स्क्रीनचा उजेड किंवा रिंगटोन, आणि मग बंदचालू करा. तीही विसरला तर वायफायचा दोष नाही, टॅब लिहून ठेवतच नाहीये. फक्त वायफायच विसरला तर बाबांचं त्या दिवसात काय काय उघडून झालं, बॅटरी वाचवणारं एखादं ॲप आहे का, ते बघावं लागेल.

उंबरठा

प्रिंटर झाला. माझ्या राउटरवर WPS बंदच होतं, पानावर जाऊन चालू केलं, बटण दाबलं, पहिल्या वेळी दोन मिनिटं निघून गेली कारण प्रिंटर एका खोलीत आणि राउटर दुसऱ्या. दुसऱ्या वेळी मुलाला राउटरपाशी उभं केलं आणि मी इकडून हाक मारली. WPS परत बंद करून ठेवलंय.

पाऊलवाट

रिंगटोन बदलून टॅब बंदचालू केला. रिंगटोन नवीच आहे, वायफाय परत गेलं. बॅटरी वाचवणारं ॲप सापडलं नाही, पण बाबांनी कधीतरी घातलेलं एक "क्लीनर" आहे, ते काढलंय. उद्या सकाळी बंदचालू करून कळवतो.