मदत हवी आहे: ख्रिसमसच्या जाहिरातीतलं गाणं (बाबा, मुलगा, रेकॉर्ड)

स्वराली_के
कुणीतरी पटकन सांगा प्लीज. सध्या टीव्हीवर ती जाहिरात लागते ना, बाबांना पसाऱ्यात एक राहिलेलं गिफ्ट सापडतं, आत रेकॉर्ड असते, ते ती लावतात आणि एकदम क्लब, दिवे, नाच वगैरे. त्यातलं गाणं कोणतं? आधी जोरात आहे, मग तेच एकदम संथ होतं. "लव्ह लीव्हज" असं काहीतरी शेवटी ऐकू येतं. पेटीवर काढून बघितलं तर ग ग म ग रे, ग रे सा असं काहीसं येतं. शॅझाम करून झालंय, काही येत नाही, तेव्हा तेच परत सांगू नका. शनिवारच्या आत हवंय.

पेठेतला_पंत
कुठल्या चॅनलवर? आमच्याकडे तर अजून फराळाच्या आणि चारचाकीच्या जाहिराती संपायच्या आहेत. आणि जाहिरात कशाची ते लिहिलंच नाहीत. रेकॉर्डची? क्लबची? वस्तू सांगितल्याशिवाय लोकांनी काय पत्रिका मांडायची का?

स्वराली_के
अहो इंग्लंडमध्ये! प्रोफाइलला लिहिलंय की. आणि वस्तू अशी नाहीच त्यात, दुकानाची आहे. दुकानाचं नाव शेवटी येतं, पण तोवर आमच्याकडे सगळे डोळे पुसत असतात.

माईआजी
माझाही एक प्रश्न फार वर्षांचा आहे, इथेच विचारते. टायटन घड्याळाच्या जाहिरातीत वाजते ती धून कोणाची? आमच्या ह्यांचं म्हणणं ती आपल्याच एका संगीतकाराने केली.

गुलछबू
माईआजी, ती मोझार्टची. २५ नंबरची सिंफनी, पहिला भाग. जाहिरातवाल्यांनी ती नाना तऱ्हांनी वाजवून घेतली, म्हणून आपली वाटायला लागली. दोनशेहून जास्त वर्षं जुनी चाल, परवानगी कुणाची काढायची प्रश्नच नाही.

स्वराली, शॅझामला शांतता लागते. जाहिरातीत कोणी बोलत असेल, घरात मुलं ओरडत असतील, तर ते गोंधळतं. रात्री सगळे झोपल्यावर परत कर.

टेपवाला
गुलछबू, हे अर्धंच बरोबर आहे. शॅझाम मुळात दारूच्या गुत्त्यातल्या गोंगाटात चालावं म्हणूनच बनवलंय. बोलण्यामुळे ते सहसा फसत नाही.

स्वराली, मला दोनच गोष्टी सांगा. शॅझाम नेमकं जाहिरातीच्या कुठल्या भागावर केलंत? आणि त्या बाबांना क्लबमध्ये गर्दीपलीकडे स्वतःचा मुलगा दिसतो, मग तो लहान लहान होत शेवटी तान्हा होतो, तीच का ही?

स्वराली_के
हो हो तीच!! शॅझाम शेवटी शेवटी केलं, हळू भागावर. फोन शोधून, उघडून हातात धरेपर्यंत नाच संपलेला असतो ना. तीन-चार वेळा असंच झालं. पण गाणं तर एकच आहे, कुठल्याही भागावर केलं तरी काय फरक पडतो?

टेपवाला
तिथेच तर सगळी मेख आहे. गाणं एक, पण ध्वनिमुद्रणं दोन.

जाहिरात जॉन लुईसची, २०२५ ची. नाचाच्या भागात वाजतं ते अॅलिसन लिमेरिकचं १९९०-९१ चं क्लबमधलं गाणं. पुढे ते संथ होतं तिथून लॅब्रिंथ नावाच्या ब्रिटिश गायकाने नव्याने केलेलं तेच गाणं सुरू होतं. शोधताना असं टाका:

```
Alison Limerick Where Love Lives
Labrinth Where Love Lives
```

शब्द "लीव्हज" नाही, "लिव्ह्ज" आहे. चुकीच्या शब्दाने गूगल केलंत तर भलतीच विरहगीतं येत असणार.

आता शॅझाम का गप्प बसलं ते. शॅझामला चाल कळत नाही आणि शब्दही कळत नाहीत. आवाजाच्या आलेखात जे ठळक ठिपके उठतात, कुठल्या क्षणी कुठला स्वर जोरात, त्यांच्या जोड्या आणि मधलं अंतर एवढंच ते टिपतं आणि साठ्यातल्या मुद्रणांशी ताडून बघतं. म्हणजे ते गाणं ओळखत नाही, ते एक ठरावीक मुद्रण ओळखतं. त्याच बाईने तेच गाणं उद्या परत गायलं तरी ठिपके वेगळे पडणार. इथे तर गायक वेगळा, लय वेगळी, वाद्यं वेगळी. जाहिरात नवीकोरी असताना तिच्यासाठी केलेलं मुद्रण साठ्यात आलेलंच नसतं कित्येकदा. मग कितीही शांततेत फोन धरा, उत्तर येत नाही.

पुढच्या वेळी कुठलीही जाहिरात असली तरी टीव्हीच्या नादी लागू नका. दुकानाच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर पूर्ण लांबीची जाहिरात असते, ती दुसऱ्या यंत्रावर लावून अगदी सुरुवातीपासून फोन धरा. टीव्हीवर पुढे पुढे कापलेल्या छोट्या आवृत्त्या लागतात आणि त्यात नेमका ओळखू येणारा तुकडा उडालेला असू शकतो.

बेलापूरची_बाळी
आणि नुसती चाल डोक्यात असेल तर गूगलच्या अॅपमध्ये माइक दाबून गुणगुणायचं. २०२० पासून आहे ते. मी एकदा शीळ घालून एक जुनी जाहिरात शोधली होती. टेपवाले काका शॅझामच्या इतके प्रेमात का आहेत कळत नाही, गुणगुणणंच सोपं.

टेपवाला
प्रेम वगैरे नाही, दोन्हीची कामं वेगळी आहेत. गुणगुणल्यावर गूगल चालीचा चढउतार बघतं, त्यामुळे गायक बदलला, पट्टी बदलली, लय हळू झाली तरी त्याला चालतं. स्वरालींच्या अडचणीला ते पहिल्या फटक्यात लागू पडलं असतं, हे मान्य. पण ते पाचसहा गाणी समोर ठेवतं आणि शेजारी टक्के दाखवतं. खात्री तुम्हालाच करून घ्यावी लागते. दहा-पंधरा सेकंद सलग गुणगुणा आणि शब्द म्हणू नका, नुसतं "ना ना" पुरे.

पेठेतला_पंत
ते ग ग म ग रे काय होतं मग? माझ्या मते पहिल्याच पोस्टमध्ये सगळं होतं. स्वर दिले की जाणकाराला राग कळतो आणि राग कळला की गाणं.

टेपवाला
पंत, ग म ग रे सा मध्ये हजार गाणी बसतात. कुठला स्वर लांब धरलाय, कुठे श्वास घेतलाय, सम कुठे येते, हे नसलं की नुसत्या स्वरांना काही चेहराच नसतो. त्यातून स्वरालींनी कुठला सा धरला ते माहीत नाही. मी ते पेटीवर वाजवलंही नाही. मला उत्तर सापडलं ते रेकॉर्ड आणि बाबा-मुलगा यावरून. जाहिरातीतलं गाणं शोधताना दृश्य आणि दुकान हे धागे स्वरांपेक्षा बळकट असतात, कारण जाहिरातीबद्दल बातम्या छापून येतात, चालीबद्दल येत नाहीत.

ह्यूस्टनचा_ह
शॅझामवरून आठवलं. मी २००२-०३ ला लंडनमध्ये होतो तेव्हा अॅप वगैरे नव्हतं. 2580 हा नंबर फिरवायचा, म्हणजे फोनच्या मधल्या रांगेतली बटणं वरून खाली दाबत जायची. फोन स्पीकरसमोर धरायचा, तो आपोआप कट व्हायचा आणि गाण्याचं नाव एसएमएसने यायचं. पैसे पडायचे त्याला! पबमध्ये मित्रांवर छाप पाडायला मी किती उडवले देव जाणे.

स्वराली_के
मिळालं!!! अॅलिसन लिमेरिकचं लावलं आणि नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, हेच हेच. टेपवाले काका, खूप आभार. पण आता नवीन भानगड. स्पॉटिफायवर एकाच नावाची ढिगाने गाणी दिसतायत, क्लासिक मिक्स, एडिट, नव्वदच्या दशकातलंच आणखी एक काहीतरी. जाहिरातीत नक्की कुठलं आहे? शनिवारी त्याचा चाळिसावा आहे, बरोबर तेच वाजायला हवं.

गुलछबू
१९९६ चं घे. तेव्हा ते नवीन मिक्समध्ये परत काढलं होतं आणि ब्रिटनच्या पहिल्या दहात गेलं होतं. जाहिरातवाले नेहमी जास्त गाजलेलंच उचलतात.

टेपवाला
गुलछबू, हा नुसता अंदाज आहे. माझ्या कानाला तो पियानो क्लासिक मिक्सचा वाटतो, म्हणजे मोरालेस आणि नकल्स यांनी केलेला. १९९६ च्या मिक्सचा ठेका जास्त टणक आहे. पण जाहिरातीसाठी कापून जोडताना मधलं बरंच काढून टाकतात, त्यामुळे मी पैज लावणार नाही. स्वराली, जाहिरात आणि मिक्स एकापाठोपाठ लावून पियानो सुरू होतो तो तुकडा ऐका. तिथेच फरक कळेल. बाकी मधल्या भागावरून ठरवू नका.

गुलछबू
मी एकोणीसशे शहाण्णववरच ठाम आहे.

केळकर_मिठाईवाले
चांगला धागा. मला आमच्या दुकानाच्या व्हिडिओत एक जुनं मराठी गाणं टाकायचं आहे. इथल्यासारखंच दुसऱ्याकडून गाऊन घेतलं तर परवानगी लागत नाही ना?

टेपवाला
लागते. गाण्याचे दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द-चालीचा, तो गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे. दुसरा त्या मुद्रणाचा, तो बहुतेकदा रेकॉर्ड कंपनीकडे. दुसऱ्याकडून गाऊन घेतलंत की दुसरा हक्क टळतो, पहिला टळत नाही. जाहिरातींमध्ये एवढी संथ कव्हरं ऐकू येतात त्यामागे हेही एक कारण आहे, मूळ मुद्रणाची किंमत वाचते. वरच्या जाहिरातीत मात्र मूळ मुद्रणही वापरलंय, म्हणजे त्यांना दोन्ही दारं ठोठवावी लागली असणार. तुम्ही आधी कॅसेटवर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघा आणि तिथूनच विचारणा सुरू करा.

केळकर_मिठाईवाले
कॅसेट नाही, गाणं व्हॉट्सअॅपवर आलंय.

माईआजी
मोझार्ट म्हटल्यावर हे मानायला तयारच नाहीत. कुठे ऐकायला मिळेल ते लिहा, ह्यांच्या कानाशी धरते.

स्वराली_के
दोन्ही ऐकली. पियानो क्लासिकसारखा वाटतोय, पण ड्रम सुरू झाले की मग खात्री राहत नाही. नवऱ्याला विचारावं तर सरप्राइज फुटेल. इथे कोणाकडे जुन्या बारा इंची रेकॉर्ड आहेत का?