जलपरी भुलवते ती नेमकी कशाने?

काठावरचा (मूळ पोस्ट):
जलपरीचं गूढबिढ काही नाही. सहा-सहा महिने बाईमाणूस न दिसलेले खलाशी, वर दारू, आणि लांबवर मॅनेटीसारखा एखादा लठ्ठ समुद्री प्राणी पाण्याबाहेर आला की झाली जलपरी. वासना अधिक अंधुक नजर. यावर प्रबंध कसले लिहिता?

डोलकाठी:
ही मॅनेटी प्रत्येक चर्चेत पोहत येते, म्हणून आज सविस्तरच लिहितो. भूमध्य समुद्रात मॅनेटी नाही आणि तिचा भाऊबंद डुगाँगही नाही. गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरनची आपल्या हाती असलेली सगळ्यात जुनी गोष्ट मात्र तिथलीच आहे, होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्याच्या 12व्या सर्गातली. त्यात सायरन दिसायला कशा आहेत यावर होमर एक अक्षर बोलत नाही. रूप नाही, केस नाहीत, शेपटी तर नाहीच. आहे तो फक्त आवाज. आणि गाण्यात त्या देतात काय? ट्रॉयला काय काय सोसलंत ते आम्हाला ठाऊक आहे, पृथ्वीवर जे जे घडतं तेही ठाऊक आहे, इथं थांबा, ऐका आणि शहाणे होऊन जा. यात वासना दाखवा मला.

आता ट्रॉयच्या लढाईहून घरी निघालेल्या ओडिसियसच्या जहाजावर काय घडतं ते बघा. बेट जवळ येताच वारा पडतो आणि पाणी आरशासारखं होतं. माणसं शीड उतरवून गुंडाळतात आणि वल्ही मारायला बसतात. वाऱ्यावर चालणारं जहाज खडकाळ किनाऱ्याजवळ वाऱ्याविना अडकलं की प्रवाह नेईल तिकडे जातं. अशा वेळी वल्ही थांबली की खेळ संपला. म्हणजे थांबायचा मोह नेमका त्या जागी पडतो, जिथं थांबणं परवडत नाही. किर्के ही जादूगारीण त्याला आधीच बजावते की जो ऐकत थांबला त्याला घरी बायकामुलं सामोरी येणार नाहीत. सायरन बसतात त्या कुरणात कुजणाऱ्या माणसांच्या हाडांचा ढीग आहे. दर्यावर गेलेला माणूस परतलाच नाही, प्रेतही मिळालं नाही, तर घरच्यांनी मनाशी काय धरायचं, त्याची ही गोष्ट आहे.

शंकासुर:
बाकी राहू द्या, ओडिसियस खलाशांच्या कानात मेण भरतो आणि स्वतः डोलकाठीला बांधून घेऊन गाणं ऐकतो, ते मेणाचं मला कधी पटलं नाही. कानात मेण घालून गाणं ऐकू येत नाही? शेजारचा ओरडला तर येतं की!

मीठभाकर:
डोलकाठी, भाषण छान. पण कॉर्नवॉलमधल्या झेनोरच्या चर्चमध्ये बाकाच्या कडेला जलपरी कोरलेली आहे, एका हातात फणी, दुसऱ्या हातात आरसा. ती काय ज्ञानदान करतेय? कोलंबसालाही 9 जानेवारी 1493 ला हिस्पॅनिओलाजवळ तीन जलपऱ्या दिसल्याची नोंद आहे. त्या मॅनेटीच होत्या. काठावरचा अगदीच चुकलेला नाही.

डोलकाठी:
कोलंबसाची नोंद पुढेही वाचा. चित्रात काढतात तितक्या त्या सुंदर नव्हत्या, चेहरा जरा पुरुषी वाटला, असं त्यात आहे. भुलला कुठे तो? चित्रातली जलपरी डोक्यात घेऊन गेला आणि समोर मॅनेटी आली. मॅनेटीतून जलपरी निघाली नाही, जलपरीच्या साच्यात मॅनेटी कोंबली. फणी-आरशाचं म्हणाल तर तो चर्चचा माल आहे, बाकावर बसणाऱ्यांना वासनेपासून सावध करायला कोरलेला. मध्ययुगापुरती तुमची वासना मान्य, घ्या.

खारेवारे:
माझं दुखणं वेगळंच आहे. सायरनला जलपरी म्हणणं बंद करा. ग्रीकांची सायरन म्हणजे बाईचं डोकं असलेला पक्षी. ब्रिटिश म्युझियममध्ये व्हुल्चीला सापडलेला कलश आहे, इसवी सनापूर्वी 480च्या आसपासचा. ओडिसियस डोलकाठीला बांधलेला, दोन सायरन कड्यांवर, तिसरी कड्यावरून उलटी खाली येतेय. सगळ्यांना पंख. अथेन्सच्या थडग्यांवरही हाच पक्षी शोक करत बसतो. माशाची शेपटी सातव्या-आठव्या शतकातल्या लिबर मॉन्स्ट्रोरम या लॅटिन ग्रंथात दिसते. हजार-बाराशे वर्षांचं अंतर आहे हो!

शंकासुर:
आणि मेण?

डोलकाठी:
घ्या मेण. मूळ मजकुरात मेणाची मोठी चकती आहे. ओडिसियस ती तलवारीने बारीक कापतो, तळहातात दाबून मळतो, वर ऊन आहे, मग मऊ होते. हे तंतोतंत बरोबर आहे. मधमाशीचं मेण वितळायला साठाच्या वर अंश लागतात, पण हाताच्या उबेने आकार घेण्याइतकं नरम होतं. थंड, कडक तुकडा कानात बसत नाही, फटी राहतात आणि आवाज तिथूनच शिरतो. मळण्याची पायरी म्हणूनच आहे.

खारेवारे:
पुरेल का तेवढं, हाही प्रश्न आहे. दहाव्या सर्गात जहाजावरच्या लोकांचे दोन गट पडतात, युरिलोकसबरोबर 22 जण. दुसरा गट तेवढाच धरला तर दोन्ही म्होरक्यांसह 46. एल्पेनोर छपरावरून पडून मेला, उरले 45. ओडिसियस सोडून 44 माणसं, म्हणजे 88 कान. कानाला दोन ग्रॅम धरा, 176 ग्रॅम. लहान चकतीतही भागलं असतं.

शंकासुर:
बरं, पुरलं. पण ऐकू न येणारे 44 जण वल्ही एका तालात मारणार कशी? आणि ओडिसियस सोडा म्हणून ओरडला तर कळणार कसं?

डोलकाठी:
ताल डोळ्यांनी धरतात, पुढच्याची पाठ बघून. आणि तो ओरडतच नाही, भुवयांनी खुणावतो. तेव्हा पेरिमीडिस आणि युरिलोकस उठून दोर आणखी आवळतात, कारण हे आधी ठरलेलं असतं. मेण थोडं गळलं तरी चालेल, कारण दोर आणि आधीचा हुकूम असे आणखी दोन बंदोबस्त आहेत. तुमचा आवाज गळतीचा मुद्दा तेवढा खरा.

नवखी:
मला वाटलं आपल्या कोकणातल्या जलपरीबद्दल चाललंय. डुगाँग कच्छच्या आखातात आहे, मग इथं का दिसत नाही?

खारेवारे:
डुगाँग समुद्री गवतावर जगतो. ती कुरणं कच्छ, मन्नारचं आखात, अंदमान अशा उथळ, शांत पाण्यात आहेत. कोकणच्या खवळत्या, गढूळ किनाऱ्यावर तशी मोठी कुरणं नाहीत. इथला विषय नाही, पण प्रश्न रास्त आहे.

मीठभाकर:
मेणातून बाहेर या. डोलकाठी, भुलवणं तरी मूळचंच ना? मग उत्तरेकडे?

डोलकाठी:
उत्तरेत भुलवणं बाजूलाच राहतं. 1250च्या सुमाराच्या नॉर्स ‘कोनुंग्स स्कुग्ग्सया’त ग्रीनलंडच्या समुद्रातली मार्गिगर आहे. कमरेवर बाई, लांब केस, बोटांमध्ये पडदा, खाली शेपटी. ती वादळाच्या आधी दिसते आणि बुडी मारून हातात मासे घेऊन वर येते. मासे जहाजाकडे फेकले, तर बरीच माणसं जाणार. स्वतः खाल्ले किंवा दुसरीकडे फेकले, तर वादळ झालं तरी माणसं वाचणार. ही बाई कुणाला बोलावत नाही, ही हवामानाची खूण आहे.

त्याच ग्रंथात हाफस्ट्राम्ब नावाचा सरळसोट उभा समुद्रपुरुष आहे. 1981 मध्ये लेन आणि श्रोडर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की थंड पाण्यावर उबदार हवा आली की प्रकाश वाकतो आणि वॉलरससारखी बुटकी गोष्ट उभी ताणलेली दिसते. तशी हवा वादळाच्या पुढे येऊ शकते. म्हणजे खूण बऱ्याचदा खरी ठरायची.

काठावरचा:
म्हणजे अंधुक नजर नाही, पण वाकलेला प्रकाश. माझंच बरोबर, फक्त ‘नेचर’मधून आलं.

डोलकाठी:
हाफस्ट्राम्बपुरतं, हो. मार्गिगरच्या हातातले मासे त्या प्रकाशातून काढून दाखवा, मग बोलू.

खारेवारे:
आणि पंखाची शेपटी कशी झाली ते राहिलंच. लॅटिनमध्ये पेन्ना म्हणजे पीस आणि पिन्ना म्हणजे माशाचा पर, नकलनविसांनी घोळ केला, असं एक मत आहे. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं.