राउटर रिसेट केल्यापासून नेट बंद, तातडीने मदत हवी

वैतागलेला_नाशिककर: काल नेट सारखं तुटत होतं म्हणून राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट मारला. आता वायफायचं नाव बदललंय आणि नेट अजिबात नाही. उद्या सकाळी ऑफिसचा कॉल आहे. काय करू?

तारवाला: फायबर थेट याच डब्यात येते का? दिवे कुठले लागलेत?

अश्विनी_क: आमच्याकडेही बेडरूममध्ये रेंज येत नव्हती. रिपीटर घेतला, आता झकास!

वैतागलेला_नाशिककर: ताई, रेंज फुल्ल आहे हो, नेट नाहीये. फायबर थेट येते. पॉन हिरवा आहे, इंटरनेटचा दिवा लाल. केबलवाला फोन उचलत नाही.

तारवाला: मग लाइन शाबूत आहे. रिसेटने कंपनीचं लॉगिन पुसलं गेलंय. `192.168.1.1` उघडा (पत्ता आणि पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर). WAN मध्ये `PPPoE` निवडून युजरनेम, पासवर्ड आणि `VLAN ID` भरावं लागेल. तिन्ही केबलवाल्याकडूनच मिळतील, जोडणीच्या दिवसाचा मेसेज शोधा.

बंड्या_७७: काही भरावं लागत नाही. मी दोनदा रिसेट केलाय, पाच मिनिटांत आपोआप चालू.

तारवाला: तुमची कंपनी सेटिंग्ज दुरून पाठवत असेल. छोट्या केबलवाल्यांकडे बहुतेक हातानेच भरतात.

वैतागलेला_नाशिककर: मेसेज सापडला! युजरनेम आणि पासवर्ड आहे, व्हीलॅनचं काहीच नाही. भरून पाहिलं, नेट नाही.

तारवाला: स्टेटसच्या पानावर काय दिसतं? लॉगिन नाकारलं असेल तर युजरनेम-पासवर्ड तपासा, @ च्या पुढचा भागही लागतो. समोरून उत्तरच येत नसेल तर बहुधा व्हीलॅनचा आकडा चुकलाय. अंदाजाने आकडे टाकत बसू नका.

वैतागलेला_नाशिककर: उत्तर येत नाही असंच दिसतंय.

बंड्या_७७: परत एकदा रिसेट मारा, तीस सेकंद दाबून.

तारवाला: नको हो! आत्ता भरलेलंही जाईल. मुळात नेट तुटतंय म्हणून रिसेट करायचाच नसतो. आधी बंद करून चालू करायचं. एलओएसचा दिवा लाल असेल तर वायरचा घोळ, रिसेटने काडीचा फरक पडत नाही. राउटरचा पासवर्ड विसरलात, कोणीतरी सेटिंग्ज बिघडवल्या किंवा राउटर दुसऱ्याला द्यायचाय, तेव्हाच टाचणी. पासवर्ड आठवत असेल तर आधी बॅकअप घ्यायचा.

अश्विनी_क: शेजाऱ्यांची जोडणी त्याच केबलवाल्याची असेल तर त्यांचा व्हीलॅन बघता येईल ना?

तारवाला: बघा, बऱ्याचदा एका भागात तोच असतो. पण नेहमीच नाही.

वैतागलेला_नाशिककर: शेजारच्या काकांना त्यांच्या राउटरचा पासवर्डच माहीत नाही. ते म्हणतात रिसेट करून बघू का 😭

तारवाला: त्यांच्या हातातली टाचणी काढून घ्या आधी. उद्याचा कॉल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.