मामाची एजन्सी रद्द: कारवाई रास्त की बळीचा बकरा?

काळाचौकीकर
माझा मामा १७ वर्षं आयुर्विम्याचा एजंट. मागच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: मिस-सेलिंग, म्हणजे चुकीचं सांगून पॉलिसी विकणं, चौकशीत सिद्ध, नेमणूक रद्द, ओळखपत्र परत करा. सुनावणीची संधी दिली होती म्हणतात. टार्गेटसाठी रोज फोन करणारा मॅनेजर मात्र जागेवरच. हा न्याय आहे का? आणि त्याच्या ६१ ग्राहकांचं काय?

परळचा_पोपट
सरळ बळीचा बकरा! मार्च महिन्यात मॅनेजर एजंटांच्या घरी जाऊन बसतात, हे अख्ख्या मुंबईला माहीत आहे. समोर बसवून बाजू ऐकल्याशिवाय कुणाला काढताच येत नाही. थेट हायकोर्ट गाठा, आदेश एका दिवसात उडेल.

एजन्सी_खात्यातला_निवृत्त
पोपटराव, एका दिवसात काही उडत नाही. आणि समोर बसवायला हवं हे अर्धंच खरं. एजंट नेमणुकीचे २०१६ चे विनियम आहेत. त्यात आधी कारणे दाखवा नोटीस येते, उत्तराला जास्तीत जास्त २१ दिवस मिळतात, आणि प्रत्यक्ष सुनावणी हवी असेल तर ती त्या उत्तरातच मागून ठेवलेली बरी. नुसतं "माझ्यावर अन्याय झाला" असं लिहून पाठवलं आणि सुनावणी मागितली नाही, तर बाजू ऐकलीच नाही असं नंतर म्हणणं अवघड जातं. बहुतेक एजंट इथेच फसतात. साहेबांना भेटून सांगू, असं मनात धरतात आणि उत्तरात ती एक ओळ लिहायची राहते.

काळाचौकीकर, दोन गोष्टी सांगा. मामांच्या उत्तरात ती ओळ होती का? आणि पत्रात कारणं कशी दिली आहेत? "आचारसंहितेचा भंग" एवढंच मोघम असेल तर अपिलाला दम आहे. पॉलिसी, तारीख, पुरावा असं सगळं असेल तर गोष्ट वेगळी.

काळाचौकीकर
ती ओळ नव्हती. उत्तर मीच टाइप केलं होतं, तेव्हा मलाही सुचलं नाही.
कारणं दीड पान आहेत. पहिलं, ६६ वर्षांच्या एका बाईंना "एकदाच दीड लाख भरा, एफडीसारखं आहे" असं सांगितलं. पॉलिसी निघाली वर्षाला दीड लाखाची, १० वर्षं भरायची. फॉर्मवर उत्पन्न ९ लाख लिहिलंय, बाईंचं पेन्शन महिना २२,०००. दुसरं, चार प्रपोजल फॉर्मवर ग्राहकाचा म्हणून एकच मोबाइल नंबर आहे. तो मामाचा दुसरा सिम.

एजन्सी_खात्यातला_निवृत्त
मग मला वाईट वाटतं, पण कारवाई टिकेल. पहिल्या मुद्द्यावर मामा म्हणू शकतात की बाईंचा समजुतीचा घोटाळा झाला. दुसऱ्याला उत्तर नाही. पॉलिसी निघण्याआधी कंपनी ग्राहकाला फोन करून विचारते, हप्ता किती वर्षं भरायचा ते कळलं का. तो फोन चारही वेळा मामांच्या खिशात वाजला. रेकॉर्डिंगमध्ये आवाज कुणाचा, हे चौकशीत ऐकलं असणारच.

हिशेब बघा. २२,००० गुणिले १२ म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. त्यातून दीड लाख हप्ता काढला तर बाईंना महिन्याला साडेनऊ हजार उरतात. ९ लाख उत्पन्न लिहिल्याशिवाय तो फॉर्म पुढे सरकलाच नसता.

माहीमची_मेघना
माझ्या आईच्या मेडिक्लेममध्ये पण असंच झालं! एजंटने डायबेटिस लिहिलाच नाही, म्हणाला "उगाच प्रीमियम वाढेल". क्लेम नाकारला. त्या एजंटचं लायसन्स कसं रद्द करायचं?

एजन्सी_खात्यातला_निवृत्त
मेघनाताई, तुमचा प्रश्न क्लेमचा आहे, एजंटचा नंतर बघू. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे. फी नाही, वकील लागत नाही. पण नकाराचं पत्र जपून ठेवा, वर्ष उलटू देऊ नका.

परळचा_पोपट
बरं, मामा चुकला. पण चौकशी अधिकारी कंपनीचा, अपील ऐकणाराही कंपनीचाच! मॅनेजरच्या सहीशिवाय तो ९ लाखांचा फॉर्म आत गेला का? विमा कायद्यात एजंटच्या कृत्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे, एक कोटीपर्यंत दंड आहे. तो कुणी भरला?

एजन्सी_खात्यातला_निवृत्त
इथे मी तुमच्या बाजूने आहे. आदेशापासून ४५ दिवसांत अपील करता येतं आणि अपील अधिकाऱ्याने ३० दिवसांत लेखी निर्णय द्यायचा असतो, पण तोही पगार त्याच दारातून घेतो. माझ्या नोकरीत एजंट काढल्याची पत्रं मी ढीगभर टाइप करून घेतली, मॅनेजरला आलेलं तसं पत्र बघितल्याचं आठवत नाही. अपिलात मामांनी हे मांडावं: चारही फॉर्म शाखेत कुणी तपासले, आणि एकच नंबर चारदा आला तरी सिस्टिमने का अडवला नाही. नेमणूक वाचेल असं नाही. पण काळ्या यादीत एकदा नाव गेलं की दुसरी कंपनीही घेत नाही, म्हणून अपील करावंच.

चिंचपोकळी_७२
सगळे मामाचंच बोलताय. त्या ६६ वर्षांच्या बाईंचं कोण बोलणार? पत्रात ग्राहकांबद्दल काय लिहिलंय?

काळाचौकीकर
शेवटी दोन ओळी आहेत. "आपल्या सर्व पॉलिसी शाखेकडे वर्ग केल्या असून ग्राहकांना पत्राने व एसएमएसने कळवण्यात येत आहे."

एजन्सी_खात्यातला_निवृत्त
हीच खरी गोम आहे! एसएमएस कुठल्या नंबरवर जाणार? चार जणांचा तर मामांच्याच सिमवर. बाईंना कळणारच नाही की एजंट बदलला. दुसरा हप्ता थकेल, वार्षिक हप्त्याला ३० दिवस सवलत असते, ती संपली की पॉलिसी लॅप्स. म्हणजे चौकशीत जो दोष पकडला, त्याच दोषावर ग्राहकांना कळवण्याची व्यवस्था उभी केली आहे.

कंपनीने आधी त्या चौघांच्या घरी माणूस पाठवून नंबर, पत्ता बदलून घ्यायला हवा. मग प्रत्येकाला विचारायचं, पॉलिसी ठेवायची की पैसे परत. फ्री-लुकचे, म्हणजे पॉलिसी परत करून पैसे मागायचे ३० दिवस बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात पडल्यापासून मोजतात. आणि ज्यांना ठेवायची आहे, त्यांनी खोटं उत्पन्न लगेच लेखी दुरुस्त करावं. पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी फॉर्मवरचं खोटं काढून क्लेम अडवू शकते, आणि तेव्हा फॉर्म कुणी भरला याला कुणी विचारत नाही.

चिंचपोकळी_७२
आणि मामा अजून घरोघरी चेक गोळा करत फिरत असतील तर?

काळाचौकीकर
काल त्याच्याकडे गेलो होतो. "लोकांचे हप्ते चुकू नयेत म्हणून जातो," म्हणाला. थांब म्हटलं तर रागावला.
ओळखपत्र शोधायला कपाट उघडलं. त्यात तीन बाँडचे लिफाफे होते, न फोडलेले. एकावर त्या बाईंचं नाव, पत्ता मामाच्याच घरचा. हे आता कुणाला देऊ?

एजन्सी_खात्यातला_निवृत्त
लिफाफे फोडू नका, मामांकडेही ठेवू नका. बाईंना आधी सांगा, मग त्यांना सोबत घेऊन शाखेत जा. लिफाफा आजवर हातात आलाच नव्हता असं अर्जात लिहा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय उठू नका. फ्री-लुकचा मुद्दा त्या तारखेवर उभा राहील. कंपनी मानेल की नाही, ते आज सांगता येत नाही.

परळचा_पोपट
आणि मामाच्या अपिलाचं?

काळाचौकीकर
आधी बाईंकडे जातो.