इन्सुलिन बर्फात नको

> अकोल्यात मे महिन्यात सहा-सात तास वीज जाते. आईचं इन्सुलिन बर्फात ठेवलं तर चालेल का?

थेट बर्फात नको. इन्सुलिन गोठलं की कायमचं वाया जातं, वितळल्यावरही वापरता येत नाही. सहा-सात तासांसाठी फ्रिजचं दार उघडू नका, एवढं बहुधा पुरतं. आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असल्या तर गारवा जास्त टिकतो. न उघडलेल्या कुप्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत हव्यात. बर्फाच्या खणाला चिकटून नकोत.

वीज त्याहून जास्त वेळ गेली तर दोन मडकी घ्या. मोठ्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, आत प्लॅस्टिकच्या डबीत कुपी, वरून ओलं फडकं. सावलीत, वारं लागेल तिथे ठेवा. अकोल्याच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, कोकणात दमटपणामुळे फारसं नाही. ही फ्रिजची बरोबरी नव्हे. आत थर्मामीटर ठेवून ३० अंशांखाली राहतंय ना, ते बघा. तसं राहिलं तर बहुतेक इन्सुलिनं साधारण चार आठवडे चालतात. नेमकी मुदत माहितीपत्रकात असते.

मिश्र इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं. तळहातांत घोळवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरा थर चिकटला तर टाकून द्या. उन्हानं बिघडलेलं मात्र दिसायला अगदी चांगलं असू शकतं. साखर विनाकारण चढू लागली तर नवी कुपी काढा आणि डॉक्टरांना कळवा.